तासांचे पैसे सांगायचे की कामातून होणाऱ्या फायद्याचे? मसाल्याच्या ब्रँडचं कोटेशन अडलंय

शब्दकार_सांगली
चार वर्षं फ्रीलान्स ईमेल आणि व्हॉट्सॲप मार्केटिंग करतेय. घरगुती मसाले-चटण्या ऑनलाइन विकणारा एक क्लायंट आलाय. त्याच्या साइटवर महिन्याला साधारण १००० लोक नंबर टाकून ऑर्डर अर्धवट सोडतात, त्यांना परत आणणाऱ्या मेसेजची सगळी मांडणी त्याला करून हवीय. माझ्या तासांच्या हिशेबाने ६० तास, ८०० रुपयांनी ४८,००० होतात. पण माझा अंदाज आहे की महिन्याला ६० ऑर्डर परत येतील, सरासरी ऑर्डर ९०० ची, म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेसहा लाखांची विक्री. मग त्याच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ३० हजार का मागू नयेत? त्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "किती तास लागतील?"

पिक्सेल_आणि_पोहे
तासच लाव. मी डिझायनर आहे, दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटला "तुमच्या लाँचसाठी ही किंमत" असं एकरकमी कोटेशन दिलं आणि मग बदल सुरू झाले ते थांबेचनात. आधी रंग, मग फोटो, मग मालकाच्या भावाला हेडिंग आवडलं नाही, मग सगळं परत पहिल्यासारखं कर म्हणाले. अकरा वेळा बदललं. शेवटी भागाकार केला तर तासाला १९० रुपये पडले होते. तास लावले असते तर तिसऱ्या बदलालाच तो भाऊ गप्प बसला असता. एकरकमी किंमत म्हणजे आपणच आपल्या गळ्यात धोंडा बांधून घेणं आहे.

रोहा_ते_रिअल
मी पूर्ण उलट सांगेन, तास कधीच सांगू नये. व्हॅल्यू प्रायसिंगच करावं, मी दीड वर्ष करतोय. ॲडमधून जी विक्री होईल तिच्यावर ५ टक्के, आधी एक रुपया घेत नाही त्यामुळे क्लायंट लगेच हो म्हणतो. एकदाच फटका बसला, तिसऱ्या महिन्यात विक्री वाढली तशी मालकाने माझा रिपोर्ट बघायचा ॲक्सेस काढला आणि म्हणाला ही विक्री तर दिवाळीमुळे झाली. पण पद्धत हीच बरोबर आहे.

हिशेबी_माणूस
रोहा, तुम्ही करता ते कमिशनचं काम आहे. ते चूक नाही पण त्यात जोखीम सगळी तुमची आणि आकडे सगळे त्याच्या हातात, म्हणून तो ॲक्सेस काढू शकला. सांगलीकर विचारतायत ते वेगळं आहे. काम सुरू व्हायच्या आधी दोघांनी बसून ठरवायचं की या कामाने मालकाच्या खिशात काय पडेल, त्यातला काही भाग किंमत म्हणून ठरवायचा आणि ती किंमत मग पक्की. दिवाळी आली काय, गेली काय.

आणि ताई, तुमचा २० टक्क्यांचा हिशेब मला पटला नाही कारण तुम्ही विक्री धरलीय. मालकाला विक्री मिळत नाही, त्यातून माल, पॅकिंग, कुरिअर वजा होऊन जे उरतं ते मिळतं. मी सोळा वर्षं याच धंद्यात आहे, आधी एजन्सीत आणि आता स्वतःचं. घरगुती खाद्यपदार्थांत ९०० च्या ऑर्डरवर सगळं जाऊन ३६० उरले तर बरं म्हणायचं. तुमच्या क्लायंटचा आकडा वेगळा असेल, तो विचारायला हवा. मी माझे आकडे धरून करून बघतो.

६० ऑर्डर परत येतील म्हणता, पण त्यातले बरेच लोक मेसेज नसता तरी रात्री जेवून झाल्यावर येऊन ऑर्डर करणारच होते, कोणी फक्त कुरिअरचा खर्च बघायला नंबर टाकलेला असतो तर कोणी नवऱ्याला विचारून घेते असं म्हणून थांबलेली असते. एक तृतीयांश तसे धरा. उरल्या ४०, ज्या खरंच मेसेजमुळे आल्या. त्यात कॅश ऑन डिलिव्हरी असणारच, ८ पार्सल दारातून परत येतील. ३२ पोचल्या, गुणिले ३६०, म्हणजे साडेअकरा हजार. परत आलेल्या ८ चं जातायेता कुरिअर १३० प्रमाणे हजारभर गेलं. १००० लोकांना दोन-दोन मेसेज, एका मेसेजला रुपयाच्या आसपास, ते दोन हजार. हातात राहिले महिन्याला साडेआठ हजार, म्हणजे वर्षाला लाखभर.

लाखाच्या फायद्यासाठी तुम्ही १ लाख ३० हजार मागताय, पहिल्या वर्षी त्याला तोटा होतो. तुमचे ४८,००० सुद्धा त्या फायद्याच्या निम्मे होतात. या पद्धतीत किंमत कधी कधी खाली येते, हे कोणी सांगत नाही.

शब्दकार_सांगली
बापरे. हे मी असं मांडलंच नव्हतं, ६० ऑर्डर म्हणजे ६० ऑर्डर एवढंच डोक्यात होतं. मग काय, ४८ पण सोडून द्यायचे?

कराडचा_लोणचेवाला
मी पलीकडच्या बाजूचा माणूस, म्हणजे तुमचा क्लायंट असतो तसा. मला या पद्धतीचा राग येतो ते मोकळेपणी सांगतो. कैरी मी आणली, मीठ मी लावलं, नऊ वर्षं लोकांच्या घरी बरण्या पोचवून नाव केलं, आणि कोणीतरी चार मेसेज लिहून म्हणणार की तुम्हाला होणाऱ्या फायद्यातला वाटा द्या. प्लंबर येतो तेव्हा माझ्या कारखान्याचं पाणी वाचलं म्हणून वर्षभराचा वाटा मागत नाही. आणि फायदा झाला नाही तर पैसे परत देणार का? तास सांगा, मला कळेल मी काय विकत घेतोय.

हिशेबी_माणूस
दादा, नऊ वर्षांच्या नावाचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणूनच किंमत पूर्ण फायद्याएवढी कधीच नसते. मी पहिल्या वर्षाच्या फायद्याच्या पाव हिश्शाच्या वर जात नाही, तीन हिस्से मालकाचेच. पण तास विकत घेता म्हणजे काय घेता ते बघा. हेच काम नवशिका १२० तासांत करेल आणि जुना माणूस २५ तासांत, मग हळू काम करणाऱ्याला तुम्ही जास्त पैसे देणार? आणि तासांच्या बिलात शेवटी आकडा किती होईल ते तुम्हालाही आधी माहीत नसतं, पक्क्या किमतीत असतं.

पैसे परत करायचं मात्र मी कधी कबूल करत नाही. तुमचा माल संपला, कुरिअरवाल्याने गोंधळ घातला तर त्याला मेसेज लिहिणारा जबाबदार कसा?

कराडचा_लोणचेवाला
मग जोखीम शेवटी माझीच ना. तुम्ही फायदा सांगून किंमत ठरवणार आणि तो झाला नाही की म्हणणार मी जबाबदार नाही. इथे मला काहीतरी खटकतंय.

हिशेबी_माणूस
खटकतंय ते बरोबर आहे. मी निम्मे आधी आणि निम्मे काम हातात दिल्यावर घेतो, त्यामुळे तुमची थोडी जोखीम उरतेच. सगळी घालवता येत नाही.

ताळेबंद_ठाणे
मी सीए आहे. आमच्या व्यवसायात फी नफ्याच्या टक्केवारीवर किंवा निकालावर ठेवायला मनाई आहे, काही ठरावीक कामं सोडून. वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे केसच्या निकालावर फी ठरवता येत नाही. त्यामुळे तुम्ही लोक असं करता याचं मला जरा आश्चर्य वाटतं, हे चालतं का?

पिक्सेल_आणि_पोहे
सर आमच्यावर असला नियम नाही. आणि वर म्हटलंय तसं इथे निकालावर फी ठरतच नाहीये, आधीच पक्की आहे.

हिशेबी_माणूस
सांगलीकर, तुमच्या प्रश्नाकडे परत येतो. सोडू नका, पण मालकाला वेगळा प्रश्न विचारा. अर्धवट ऑर्डरी हे त्याने कुठेतरी ऐकलेलं दुखणं असू शकतं, त्याचं खरं दुखणं दुसरीकडे असेल. फोन करून विचारा की महिन्याला एकूण ऑर्डर किती, त्यात कॅश ऑन डिलिव्हरी किती आणि परत किती येतात. परत आलेली खोकी कुठे ठेवता, हेही विचारा. बहुतेक मालक तिथे मोठा श्वास घेतात.

शब्दकार_सांगली
केला फोन, अर्धा तास बोलला! महिन्याला १५०० ऑर्डर, त्यातल्या ९०० कॅश ऑन डिलिव्हरी, आणि त्यातल्या २२५ च्या आसपास परत येतात. एकावर जातायेता १३०. म्हणाला मागच्या खोलीत खोक्यांचा ढीग आहे, बाई रोज दुपारी बसून पाकिटं तपासते, कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट दाबलं गेलं असेल तर ते परत विकता येत नाही. उरलेल्या फायद्याचा आकडा त्याने ३५०-३६० च सांगितला. अर्धवट ऑर्डरींबद्दल एक शब्द बोलला नाही.

हिशेबी_माणूस
मग काम हे आहे. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर आली की पाठवायच्या आधी व्हॉट्सॲपवर "ऑर्डर नक्की का, पत्ता बरोबर का" असा मेसेज, दोन बटणं, आणि आत्ताच ऑनलाइन पैसे भरले तर थोडी सूट. परत येणं २५ टक्क्यांवरून १८ वर आलं तर महिन्याला ६३ पार्सल वाचतात. नुसतं कुरिअरच आठ हजारांवर. त्यातली निम्मी, समजा ३०, पत्ता दुरुस्त झाल्यामुळे नीट पोचली तर ३६० प्रमाणे आणखी दहा हजार आठशे. महिन्याला १९,००० च्या आसपास, वर्षाला सव्वादोन लाख, त्यातून सूट आणि मेसेजचा खर्च वजा जाईल म्हणून दोन धरू. पाव हिस्सा म्हणजे ५०,०००, आणि हे काम तुम्हाला ६० तास लागणार नाही, मेसेज कमी आहेत.

आणि पिक्सेलच्या धोंड्याची भीती खरी आहे, म्हणून कोटेशनमध्ये लिहा की किती मेसेज, किती वेळा बदल आणि त्यापुढे नवीन किंमत. त्याच्या अकरा बदलांचं कारण हे न लिहिणं होतं.

पिक्सेल_आणि_पोहे
लिहिलं होतं हो, "वाजवी बदल" असं. वाजवी म्हणजे किती ते नव्हतं लिहिलं.

रोहा_ते_रिअल
१८ टक्के झालं की नाही हे कळणार कसं? माझ्यासारखं दिवाळीवर ढकलतील.

हिशेबी_माणूस
ज्या ऑर्डरचा नंबर शून्यावर संपतो तिला मेसेज पाठवायचा नाही, ती आधीसारखीच जाऊ दे. दिवाळी दोन्हीकडे सारखीच येते. फक्त एका महिन्यात निकाल लावू नका, ९०० त शून्यावर संपणाऱ्या ९० च, त्यात २२ परत आल्या की १६ हा नशिबाचाही खेळ असतो. तीन महिने थांबा.

कराडचा_लोणचेवाला
वाट्याचं मला अजून पटलेलं नाही. पण परत येणाऱ्या पार्सलचं हे काम मला कोणी ५०,००० ला सांगितलं असतं तर मी तास विचारले नसते हे खरंय. माझ्याकडे बरण्या फुटून येतात.

शब्दकार_सांगली
उद्या सकाळी त्याच्या गोडाऊनला जातेय, ढीग प्रत्यक्ष बघून मग कोटेशन लिहिते. ५०,००० लिहायचे की ५५, हे अजून ठरत नाहीये.