अनुभव: लांबच्या प्रवासात गाडी कोणी, कुठे आणि किती वेळ चालवायची?

मृण्मयी_सातारकर

दिवाळीत आम्ही पुण्याहून बंगळुरूला गाडीने गेलो. साधारण ८४० किलोमीटर. गाडीत चालवणारे चौघे होते. मी, नवरा, सासरे (वय ६८, आयुष्यभर गाडी चालवलेली, पण हल्ली समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात) आणि बावीस वर्षांचा पुतण्या, ज्याला लायसन्स मिळून वर्ष झालेलं. घरात पहिला विचार असा निघाला की चौघांनी दोनशे-दोनशे किलोमीटर वाटून घ्यावेत. मला ते पटलं नाही. पहाटेचे दोनशे आणि जेवणानंतरचे दोनशे सारखे नसतात, आणि चौघांचा दमही सारखा नसतो.

म्हणून आदल्या दिवशी नकाशा समोर ठेवून आम्ही वाटणी केली. पहाटे पाचला निघायचं होतं. पुणे ते सातारा मी, कारण मी नऊला झोपणारी आणि चारला ताजी उठणारी. जाताना खंबाटकी घाट चढायचा होता, तोही माझ्या सवयीचा. सातारा ते कोल्हापूर बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे. तिथे सहापदरीचं काम चालू होतं, दर थोड्या अंतरावर वळवलेला रस्ता. अशा ठिकाणी घाई न करणारा माणूस हवा, आणि तोवर छान उजाडलेलं असतं. कोल्हापूर ते निपाणी पुन्हा मी. निपाणी ते बेळगाव आणि पुढे धारवाडच्या अलीकडेपर्यंत पुतण्या, शेजारी बाबा. हुबळी-धारवाडचा बायपास तेव्हा अरुंदच होता, तो मी घेतला. हुबळीला जेवण. त्यानंतर दावणगेरेपर्यंत मी आणि पुतण्या, तासाभराने बदल. दावणगेरे ते बंगळुरू सगळं नवऱ्याने चालवलं.

म्हणजे आमच्यातला सगळ्यात पक्का ड्रायव्हर दुपारी साडेचारपर्यंत स्टेअरिंगला शिवलाच नाही. हे त्याला सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं. पण चित्रदुर्गनंतर अंधार पडतो, तुमकुरूपासून ट्रक वाढतात, नेलमंगलाला गाड्या तुंबतात आणि पुढे शहर. अख्ख्या प्रवासातला अवघड तुकडा शेवटी येतो, नेमका सगळे थकलेले असताना. नवरा निपाणीपर्यंत आणि जेवणानंतर मागच्या सीटवर चक्क झोपला होता, म्हणून तुमकुरूला ताजा होता.

दुसरी गोष्ट, बदलाची गावं आधी ठरलेली होती. "दमलास की सांग" असं आम्ही ठेवलंच नाही. दमलेला माणूस सांगत नाही, आणि बाबा तर मुळीच सांगणार नाहीत. कोल्हापूर आलं की उतरायचं, एवढंच.

तुम्ही कशी वाटणी करता? काय जमलं, काय फसलं, सविस्तर लिहा.

रातराणी_नाना

मी एसटीत चालक होतो, आता निवृत्त. रात्रीच्या गाड्या पुष्कळ केल्या. ताई, तुमची वाटणी योग्य आहे, दोन गोष्टी जोडतो.

मागे झोपलेल्याला उठवून लगेच स्टेअरिंग देऊ नये. डोळे उघडले तरी डोकं उघडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, गाढ झोपेतून उठला तर अर्धा तास. आम्ही जोडीदाराला बदलाच्या आधीच्या गावात उठवायचो. तो तोंड धुणार, चहा घेणार, थोडं अंतर शेजारी बसून रस्ता बघणार, मग खाली उतरून गाडीला एक फेरी मारणार आणि तेव्हा बसणार. सीट आणि आरसे गाडी उभी असतानाच लावायचे. घरच्या गाड्यांत उंच माणसानंतर बुटका बसतो आणि आरसा चालत्या गाडीत फिरवतो, ते फार वाईट.

दुसरं, झोप येते हे चालवणाऱ्याला उशिरा कळतं, शेजारच्याला आधी. स्पीड उगाच कमी-जास्त व्हायला लागतो. पुढच्या ट्रकच्या मागे विनाकारण रेंगाळतो, ओव्हरटेक करायची जागा असूनही करत नाही. गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकते आणि झटक्याने परत येते. त्याला विचारा, आत्ता कुठलं गाव गेलं? सांगता आलं नाही तर पुढच्या ढाब्यावर उतरवा. जांभईची वाट बघू नका.

मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं होतं. ते रोज चालवणाऱ्यांसाठी. घरच्या माणसाने पाच तासांपर्यंत ताणू नये. दोन-अडीच तास पुष्कळ झाले.

कोल्हापुरी_संग्राम

आमचा हिशोब एकदम सोपा. मोबाईलवर दोन तासांचा गजर, वाजला की बदल. लहान-मोठा भेद नाही. आणि झोप आलीच तर काच खाली, गाणी मोठ्याने, तोंडात बडीशेप. गोव्याहून रात्री परत येताना कधी अडचण आली नाही.

सिस्टर_वैजू

संग्रामभाऊ, दोन तासांचं बरोबर आहे, पण गजर घाटाच्या मध्यावर वाजला तर काय करणार? म्हणून गावच ठरवलेलं बरं.

गाणी आणि वारा यांच्याबद्दल मात्र मी कळकळीने सांगते. त्याने थोडा वेळ बरं वाटतं, झोप जात नाही. मी रात्रपाळी करणारी नर्स आहे, सकाळी घरी स्कूटरवर जाताना हे अंगावर घेतलेलं आहे. डोळे उघडे असतात आणि तीन-चार सेकंद माणूस नसतोच. ताशी शंभरने गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. चार सेकंदांत शंभर मीटरहून जास्त अंतर कोणीही न चालवता गेलं.

उपाय एकच, झोप. गाडी सुरक्षित जागी लावायची, आधी कप-दीड कप कॉफी प्यायची आणि वीस मिनिटं आडवं व्हायचं. कॉफी चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. पण ही उसनवारी आहे, रात्रभर जागलेल्याला यावर पुढचे चार तास देऊ नका.

आणखी एक, वाटणी करताना औषधं विचारा. सर्दीच्या किंवा अॅलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. गाडी लागते म्हणून घेतात त्या गोळ्यांनी तर नक्कीच. ज्याने गोळी घेतली त्याचं नाव त्या दिवसापुरतं यादीतून काढायचं, मग तो कितीही अनुभवी असो.

विदर्भपुत्र

समृद्धीने नागपूर ते मुंबई मी एकटा जातो. ७०१ किलोमीटर, सरळसोट रस्ता, सिग्नल नाही, चौक नाही. मला वाटतं एकट्याने जाणंच बरं, कोणाची किरकिर नाही. तुम्ही लोक कुठे थांबता? सिन्नरच्या आसपास जेवण चांगलं कुठे मिळतं?

रातराणी_नाना

दादा, इथे विषय वाटणीचा चाललाय. पण तुम्ही सांगता त्याच रस्त्यावर वाटणीची गरज जास्त. वळण नाही, गिअर नाही, हाताला काम नाही, मग डोकं झोपतं. घाटात सहसा कोणाला झोप लागत नाही. एकटे असाल तर दीड तासाने खाली उतरून चाला.

डेट्रॉईटची_अनघा

आम्ही दोघंच, मागे तीन वर्षांची मुलगी. मिशिगनहून टेनेसीला स्मोकी माउंटन्सला जातो. चौघांत वाटणं सोपं, दोघांत खरा प्रश्न येतो, कारण जो चालवत नाही त्याला झोपायला मिळत नाही. त्याला मुलीला खायला द्यायचं, पडलेलं खेळणं उचलायचं. आम्ही त्याला विश्रांती समजायचो. ती विश्रांती नव्हे, ती दुसरी पाळीच.

आता मुलगी झोपते ती वेळ महत्त्वाची धरतो. दुपारी ती झोपली की मोकळा असणाराही झोपतो, गप्पा नाहीत, फोन नाही. आणि एका दिवसात आठ तासांवर जात नाही, केंटकीत मुक्काम करतो. भाड्याची गाडी असेल तर दोघांची नावं करारात घालून घ्या. नाव नसलेला चालवत असताना काही झालं तर विम्याचा प्रश्न उभा राहतो.

ईशा_नवीलायसन्सवाली

मी मृण्मयीताईंच्या पुतण्याच्या जागेवरची. सगळे म्हणतात नवख्याला सरळ चौपदरी द्या, सोपं असतं. माझा अनुभव वेगळा आहे. घाटात माझा स्पीड तीस-चाळीस असतो, भीती वाटत नाही. चौपदरीवर मात्र उजव्या लेनमध्ये लोड भरलेला ट्रक साठने चाललेला असतो, तो सरकत नाही. मागून कोणीतरी डिपर मारत एकशे वीसने येतो. डावीकडून काढायचं तर तिकडे उलट्या दिशेने बाईक. हा निर्णय शंभरच्या वेगात घ्यायचा असतो आणि नवख्याला नेमका तोच येत नाही.

मला उपयोगी पडलं ते एकच. काका म्हणाले, "तू ऐंशीवर जायचं नाही, ओव्हरटेक करायचाच असं काही नाही, ट्रकमागे अंतर ठेवून राहिलीस तरी चालेल." त्यानंतर तास सहज गेला. पोचायला उशीर झाला, कोणी काही बोललं नाही. शेजारी कोण बसतं यावरही बरंच अवलंबून आहे. आई शेजारी असली की ती मोकळ्या जागी ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबते आणि माझं लक्ष तिच्या पायाकडे.

मृण्मयी_सातारकर

ईशा, हे फार मोलाचं लिहिलंस. पुतण्याला विचारलं, तोही म्हणाला की बेळगावच्या पुढे ट्रकचाच ताण होता, बाबा शेजारी शांत बसले म्हणून निभावलं.

पराग_ठाणे

नवख्याला रात्री द्यावं का, यावर कोणीच बोललं नाही. माझं मत, द्यावं. शेजारी जाणकार बसवून संध्याकाळी सात ते आठ, ओळखीच्या रस्त्यावर. नाहीतर तो शिकणार कधी? एक दिवस त्याला एकट्याला वेळ येईलच.

सिस्टर_वैजू

शिकवायचं तर ठाणे ते शहापूर शिकवा ना, परत येऊन घरी झोपायचं. इतक्या लांबच्या प्रवासात, गाडीत आजी-आजोबा आणि मुलं असताना नको. मला हे पटत नाही.

पराग_ठाणे

शहापूरला जाऊन समोरच्या दिव्यांची आणि दिवे नसलेल्या ट्रॅक्टरची सवय होत नाही. आपलं यावर जमणार नाही असं दिसतं.

रातराणी_नाना

उसाचा हंगाम असला तर सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मी दोघांच्याही विरुद्ध आहे. मागे दिवा नसलेली ट्रॉली जाणत्यालाही दिसत नाही. तेव्हा अंधारात तो पट्टा येणार नाही अशी निघायची वेळ ठेवा, मग कोणी चालवायचं हा प्रश्न राहत नाही.

मृण्मयी_सातारकर

नाना, येताना आम्ही हेच केलं. परतीला वाटणी उलटी करून चालली नसती, कारण बंगळुरूहून पहाटे निघालं तरी कोल्हापूरपर्यंतच संध्याकाळ होते. म्हणून कोल्हापूरला मुक्काम केला. पहिल्या दिवशी सकाळी बंगळुरूतून बाहेर काढायचं काम नवऱ्याकडे, तुमकुरू ते चित्रदुर्ग बाबा, दावणगेरे ते हावेरी पुतण्या, पुढे मी आणि नवरा. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर ते पुणे बाबांनी आणि मी अर्धं-अर्धं केलं. बाबांना अजून एक तास हवा होता, तो पुढच्या वेळी द्यायचा की नाही यावर घरात अजून चर्चा चालू आहे. साठीपुढच्या चालकांच्या घरच्यांनी त्यांचा अनुभव जरूर लिहावा.