शब्दचर्चा: एबीजी रिपोर्टमधले दोन CO2

कोकणी_मेवा: बाबांना सीओपीडी आहे, काल एबीजी, म्हणजे रक्तातल्या गॅसची तपासणी केली. pH 7.35, pCO2 60, HCO3 32, TCO2 33.8. हे दोन CO2 कसले? एक 60 आणि एक 33.8, मग खरा कुठला धरायचा?

भटक्या७२: सोप्पंय, कार्बन डायऑक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून फुफ्फुसात जातो, ऑक्सिजनसारखाच. त्याचंच माप असणार.

रक्तपेढीवाली: चिकटतो, पण थोडाच, आणि ऑक्सिजनच्या जागेवर नाही. बहुतेक सगळा गॅस लाल पेशीत शिरतो, तिथलं एन्झाइम त्याला पाण्याशी जोडतं आणि दोन तुकडे होतात, एक बायकार्बोनेट, एक H+. H+ हिमोग्लोबिन पकडून ठेवतं, बायकार्बोनेट प्लाझ्मात बाहेर पडतं आणि बदल्यात क्लोराइड आत येतं. फुफ्फुसात हेच उलटं होतं.

आता बाबांचे आकडे. pCO2 म्हणजे गॅसचा दाब, तो 60. त्याला 0.03 ने गुणा, 1.8 येतं, तेवढाच विरघळलेला गॅस. त्यात HCO3 चे, म्हणजे बायकार्बोनेटचे, 32 मिळवले की 33.8. म्हणजे TCO2 नाव गॅसचं असलं तरी आत जवळजवळ सगळं बायकार्बोनेटच.

सुगरण_मी: मलाही ॲसिडिटीचा खूप त्रास आहे, जेवल्यावर चिमूटभर खायचा सोडा घेते, लगेच बरं वाटतं. तेही बायकार्बोनेटच ना? काकांना देऊन बघा.

रक्तपेढीवाली: अहो ताई, ती पोटातली ॲसिडिटी, ही रक्ताची. काकांना नका देऊ. सोडा H+ ला भेटला की परत CO2 च होतो आणि तोच तर त्यांच्या फुफ्फुसाला बाहेर टाकता येत नाहीये.

भटक्या७२: बरं, पण 60 म्हणजे नॉर्मलच्या दीडपट (40 असतो ना?), मग pH एवढा बरा कसा?

रक्तपेढीवाली: कारण pH ठरतो बायकार्बोनेट आणि विरघळलेला गॅस यांच्या गुणोत्तरावर. नॉर्मलला 24 भागिले 1.2, म्हणजे 20. बाबांचं 32 भागिले 1.8, साधारण 18, म्हणून pH थोडाच खाली. हाच गॅस एका दिवसात 60 वर गेला असता तर बायकार्बोनेट जेमतेम 26 झालं असतं आणि pH 7.26 च्या आसपास, तेव्हा मात्र धावपळ. 32 पर्यंत न्यायला किडनीला तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे हे जुनं दुखणं वाटतंय.

कोकणी_मेवा: पण त्यांना परवापासूनच जास्त झोप येतेय, गुंगीत असल्यासारखे.

रक्तपेढीवाली: मग जुन्यावर नवीन भर पडलेली असू शकते, नुसत्या या रिपोर्टवरून नाही सांगता येणार. बरे असतानाचा एखादा रिपोर्ट असेल तर त्यातलं HCO3 बघा, पण गुंगी आहे ना, तर शोधत बसू नका, आजच डॉक्टरकडे न्या. आणि घरी ऑक्सिजन चालू असेल तर किती लिटरवर ठेवलाय तेही त्यांना सांगा.

कोकणी_मेवा: 4 वर. कालच वाढवलाय आम्ही.

रक्तपेढीवाली: हे आत्ता फोन करून सांगा त्यांना.