मदत हवी आहे: फ्युएल सेलची एफिशियन्सी ८३ धरू, ९४ धरू का ९८? आणि माझी ३२च का येतेय?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहायलो, बीएस्सी तिसरं वर्ष, केमिस्ट्री. प्रोजेक्टला छोटा हायड्रोजन फ्युएल सेल घेतलाय, तो मेम्ब्रेनवाला हातात मावणारा, बाजूला पाण्यातून हायड्रोजन काढून नळीत साठवायचा आणि नळीवरच्या खुणांवरून किती वापरला ते बघायचं. सेल चालतो, छोटा पंखा फिरतो, सगळे खूश. पण थिअरीत अडकलो.

थिअरीची एफिशियन्सी म्हणजे ΔG भागिले ΔH, म्हणजे जास्तीत जास्त निघू शकणारी वीज भागिले रिअ‍ॅक्शनची एकूण उष्णता, इथपर्यंत कळलं. मी टेबलातून काढली तर २३७.१ भागिले २८५.८, म्हणजे ८३ टक्के. पार्टनरनं काढली तर ९४.५. आणि सिनियरच्या जुन्या रिपोर्टमधे ९८ लिहिलंय आणि त्याला त्यावर मार्कही मिळालेत! तिघांची रिअ‍ॅक्शन एकच, हायड्रोजन अधिक अर्धा ऑक्सिजन बरोबर पाणी. मग उत्तरं तीन कशी?

आणि दुसरं म्हणजे प्रत्यक्षात माझी ३२ टक्केच येतेय. १० मिनिटं चालवला, ०.६२ व्होल्ट, ०.५ अँपिअर, नळीतून ५० मिली हायड्रोजन गेला. विजेची एनर्जी आली १८६ ज्यूल. ५० मिलीला २४.४७ लिटरनं भागून मोल काढले, त्याला २८५.८ किलोज्यूलनं गुणलं तर ५८४ ज्यूल. १८६ भागिले ५८४, झालं ३२. करंटवरून बघितलं तर जेवढा हायड्रोजन लागायला पाहिजे त्याच्यापेक्षा बराच जास्त गेलाय, म्हणजे पाव हिस्सा कुठं तरी गळायलाय. सगळ्या जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा येईना. सोमवारी व्हायवा आहे, कुणी तरी सांगा.

बॉयलरवाला

तीनाचं कोडं सोपं आहे बाळा, आमच्या थर्मलमधे रोजचं आहे हे. आम्ही कोळशाची जीसीव्ही धरतो, काही ठिकाणी एनसीव्ही धरतात, एकाच बॉयलरची एफिशियन्सी दोन आकड्यांत येते. चिमणीतून जी वाफ जाते तिची उष्णता हिशोबात धरली का सोडली, एवढाच फरक. तुझं २८५.८ हे पाणी द्रव झालं तर, पार्टनरचं २४१.८ असणार, ते पाणी वाफ राहिलं तर. मधला ४४ म्हणजे वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता.

३२ चं म्हणशील तर सेल गार आहे म्हणून. जरा तापव. टर्बाइनला वाफ जेवढी गरम तेवढी एफिशियन्सी वर, हा नियम कुठंच चुकत नाही.

गोदाताई

बॉयलरवाले काका, पहिला अर्धा एकदम बरोबर, दुसऱ्यावर भांडण आहे, त्यावर येतेच.

मांजराकाठ, आधी तुझ्या सिनियरचे ९८. त्यानं वर २३७.१ घेतलंय आणि खाली २४१.८. म्हणजे ΔG द्रव पाण्याच्या ओळीतून उचलला आणि ΔH वाफेच्या. टेबलात दोन्ही ओळी एकाखाली एक असतात, पेन सरकतं. हे व्होल्टमधेही होतं बरं का, १.२२९ ला १.२५३ नं भागलं की तेच ९८ येतात आणि कुणाला संशय येत नाही कारण दोन्ही आकडे ओळखीचे वाटतात. वर द्रव तर खाली द्रव, वर वाफ तर खाली वाफ. ९८ खोडून टाक.

आता ८३ आणि ९४.५, दोन्ही बरोबर आहेत, पण ९४.५ बघून हुरळायचं नाही. वाफेचं ΔG आहे २२८.६, द्रवाचं २३७.१. म्हणजे जिथं टक्के जास्त दिसतात तिथं एका मोलमागं वीज कमीच मिळते! ४४ किलोज्यूल आधीच हिशोबातून वगळून भाजक लहान केला म्हणून टक्के फुगले. तुझ्या सेलच्या नळीतून थेंब पडतात ना, मग तू द्रवच धर, ८३. आणि रिपोर्टमधे कुठलं पाणी धरलं ते एका वाक्यात लिहून टाक, व्हायवातले निम्मे प्रश्न तिथंच संपतात.

उरलेले १७ टक्के म्हणजे ४८.७ किलोज्यूल जातात कुठं, तर उष्णतेत, आणि ते सेल कितीही भारी बनवला तरी जाणारच. दीड मोल गॅस होता, त्याचं घोटभर पाणी झालं. एवढा पसारा आवरला गेला म्हणजे एन्ट्रॉपी मोलमागं १६३ ज्यूल प्रति केल्विननं घटली, ती भरपाई बाहेर कुठं तरी करावी लागते, म्हणून तेवढी उष्णता आजूबाजूला द्यावीच लागते. २९८ केल्विन गुणिले ०.१६३३ कर, ४८.७ येतं. पाणी वाफच राहिलं तर दीड मोल गॅसचा एक मोल गॅस होतो, पसारा थोडाच आवरतो, म्हणून तिथं फक्त १३ च्या आसपास सोडावे लागतात.

आणि काका, यातच तुमचं उत्तर आहे. ही सोडायची उष्णता T गुणिले ΔS आहे, T वाढला की तीही वाढते, म्हणून सेल तापवला की वरची मर्यादा खाली येते. २५ अंशाला १.२३ व्होल्ट, ८० अंशाला १.१८. हजार केल्विनला नेलं तर वाफेचं ΔG १९२.६ च उरतं. टर्बाइन उष्णतेवर चालते म्हणून तिला गरम-गार फरक लागतो, सेल उष्णतेवर चालतच नाही.

बॉयलरवाला

ताई मग तापवल्यावर सेल जास्त वीज देतो ते मी स्वतः डेमोत बघितलंय, ते खोटं का?

गोदाताई

खोटं नाही. मर्यादा खाली येते पण इलेक्ट्रोडवरची रिअ‍ॅक्शन जोरात होते, त्यातलं नुकसान जास्त कमी होतं. छत जरा खाली आलं पण आपण जिन्यानं त्याच्यापेक्षा जास्त वर चढलो असं धरा. तुमचं निरीक्षण बरोबर, कारण चुकलं.

कोरडवाहू

मधेच विचारतो, राग मानू नका. सेलमधून शुद्ध पाणी निघतं म्हणतात, आमच्याकडं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, मग सोलरवर हायड्रोजन करून घरीच असं पाणी काढता येईल का? टँकरचा खर्च वाचेल.

गोदाताई

दादा, एक लिटर पाणी निघायला साधारण १११ ग्रॅम हायड्रोजन लागतो, आणि तो हायड्रोजन काढायला आधी एक लिटर पाणीच फोडावं लागतं. घागर भरायला तीच घागर ओतायची. वर वीज जाईल ती वेगळीच.

कोरडवाहू

मग राहू द्या. बोअरच बघतो.

पारा_३८

मांजराकाठ, तुझ्या नळीत पाव हिस्सा गळत नाही. तू २४.४७ नं भागलंस तिथंच गळती आहे. तो आकडा २५ अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा. तू लातूरला आहेस, सहाशे मीटरच्या वर, तिथं हवेचा दाब साधारण ९४ किलोपास्कल असतो, १०१ नव्हे. आणि लॅबमधे तापमान किती होतं?

मांजराकाठ

सर ३८. पंखा बंद ठेवतो, नळी हलते म्हणून.

पारा_३८

सर नका म्हणू, मी पण लॅब असिस्टंटच आहे. बरं, ३८ अंश, आणि हायड्रोजन पाण्यावर साठवलेला, म्हणजे नळीत नुसता हायड्रोजन नाही, पाण्याची वाफही आहे. ३८ ला तिचा दाब ६.६ किलोपास्कल. ९४ मधून वजा कर, हायड्रोजनचा खरा दाब ८७.४. आता गॅसचा साधा नियम लाव:

```
n = PV / RT
  = 87400 × 0.000050 / (8.314 × 311)
  = 0.00169 mol
```

याला २८५.८ नं गुण, ४८३ ज्यूल. १८६ भागिले ४८३ म्हणजे ३८.५ टक्के. बसल्या जागी सहा टक्के वाढले.

आता गळतीचं बघ. अर्धा अँपिअर ६०० सेकंद म्हणजे ३०० कूलंब, एका हायड्रोजनमागं दोन इलेक्ट्रॉन, म्हणून लागायला पाहिजेत ०.००१५५५ मोल. तुझ्या लॅबच्या हवेत ते होतात ४६ मिली. तू मोजले ५०. म्हणजे जास्तीचे चारच मिली. ९२ टक्के हायड्रोजन कामाला लागला.

बाकी सगळा तोटा व्होल्टेजमधे आहे. २८५.८ व्होल्टमधे मांडलं की १.४८१ होतं, ०.६२ ला त्यानं भाग, ४१.९ टक्के. त्याला ०.९२ नं गुण, परत ३८.५. दोन वाटांनी एकच आकडा आला की हिशोब जुळला समजायचं. मात्र १.२२९ नं भागू नको इथं, ते वेगळं माप होईल, ΔG च्या तुलनेत किती मिळालं ते.

नुसती_हवा

मला वाटतं व्होल्टेज कमी यायचं कारण तू ऑक्सिजन न देता हवा देतोस हे आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच. लोड न लावता किती दाखवतो?

मांजराकाठ

लोड नसताना ०.९२. हो, हवाच देतो.

गोदाताई

हवेचा परिणाम असतो पण लोड नसताना जेमतेम ०.०१ व्होल्टचा, थर्मोडायनॅमिक्सनं तेवढाच येतो. १.२३ वरून ०.९२ म्हणजे ०.३१ गेले, ते हवेच्या डोक्यावर फोडता येणार नाहीत. ऑक्सिजनच्या बाजूची रिअ‍ॅक्शन मुळात सुस्त, आणि थोडा हायड्रोजन मेम्ब्रेनमधून पलीकडं पाझरून वीज न देताच जळतो, त्यानं व्होल्टेज खाली बसतं. लोड लावल्यावर मात्र हवा आणि ऑक्सिजनमधे चांगला फरक पडू शकतो, तिथं नुसती_हवा यांचं म्हणणं टाकून देता येत नाही.

पारा_३८

ते चार मिली कुठं जातात हे बघायचं असेल तर लोड काढ, हायड्रोजन चालू ठेव आणि १० मिनिटं नळी बघत बस. मग सेलच्या तोंडाशी क्लिप लावून परत १० मिनिटं. पहिल्यात मेम्ब्रेन आणि नळी दोन्ही, दुसऱ्यात फक्त नळी.

मांजराकाठ

केलं. लोड नसताना ३ मिली गेले, क्लिप लावल्यावर १ मिली. म्हणजे मेम्ब्रेनचे २, नळीचा १, आणि चारमधला अजून एक मिली सापडंना. नळीवर खुणा एक एक मिलीच्याच आहेत, त्यामुळं तो मिली खरा आहे का माझ्या डोळ्याचा हे पण कळंना. सिनियरचे ९८ पार्टनरला दाखवले तर तो म्हणायलाय गप बस, त्यांच्या मार्कांचं काय होईल.

बॉयलरवाला

एक मिलीसाठी रडू नको. आमच्याकडं 'अनअकाउंटेड लॉस' म्हणून वेगळी ओळच असते रिपोर्टमधे.

पारा_३८

लोड चालू असताना पाझर तेवढाच राहतो का, हेही तपासलेलं नाही अजून, माझ्या मते कमी होतो. आणि नळीचं तापमान सकाळ-दुपार बदललं तर नुसत्या त्यानंच ५० मिलीचं रीडिंग सरकतं. सकाळी सातला लॅब उघडून मिळते का बघ, एकदा गारव्यात रीडिंग घे.

मांजराकाठ

शिपाईमामांना विचारलं, साडेआठच्या आधी चावी नाही म्हणतात.