चौघांचा एकच रिपोर्ट, म्हणून ९४ टक्के

> चौघांनी एकच रिपोर्ट आपापल्या लॉगिनने टर्नइटिनवर टाकला. माझा ६ टक्के आला, बाकी तिघांचा ९४. सर चोरी म्हणतायत. कोणी काय केलं ते कसं दाखवू?

तुमचा रिपोर्ट आधी अपलोड झाला आणि टर्नइटिनच्या साठ्यात गेला. मागचे तिघे त्याच्याशीच जुळले. टर्नइटिनने त्यांना दिलेल्या रिपोर्टमध्ये स्रोतांच्या यादीत सगळ्यात वर तुमच्याच कॉलेजचं नाव आणि `Student Paper` दिसेल. सरांना तो एक स्रोत वगळून आकडा पुन्हा बघायला सांगा, ती सोय त्यांच्याकडे असते. उरलेले पाच-सहा टक्के बहुतेक संदर्भसूचीचेच निघतील. पुढच्या वेळी गटातर्फे एकानेच अपलोड करायचं का, हे आधीच विचारून घ्या.

कामाचा पुरावा गूगल डॉक्सच्या `Version history` मध्ये मिळतो, पण प्रत्येकाने तिथेच टाइप केलं असेल तरच. आमच्या गटात सगळे व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवायचे आणि मी तो चिकटवायचे. हिस्टरीत सगळीकडे माझंच नाव! शेवटी व्हॉट्सअॅपचे तारखेसकट मेसेज काढून दाखवावे लागले. तुम्हीही तेच करा. आणि पानं मोजत बसू नका. जिने तीस जणांकडून सर्व्हे भरून आणला, तिचं लिखाण अर्धं पानच असतं.