उत्तर: रोख भाडं आणि पुरावा

> "मालक रोखच मागतात, पावती देत नाहीत. उद्या वाद झाला तर काय दाखवू?"

पावती ही मालकांची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ३१ नुसार ती द्यावीच लागते. समजा, कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं १८,००० आहे. पावतीवर पत्ता, तारीख, सही आणि 'मे महिन्याचं भाडं रोख मिळालं' असं हवं. ५,००० च्या वर असल्याने १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीटही. महिना लिहिला नसेल, तर तेच पैसे जुन्या थकबाकीत धरले असं म्हणता येतं. एटीएममधून पैसे काढल्याची नोंद म्हणजे मालकांना दिल्याचा पुरावा नव्हे.

त्यापेक्षा बँक ट्रान्सफर केलेलं बरं. फक्त मालकांनी भाडं आपल्या मुलाच्या खात्यावर मागितलं, तर तसं त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आणि स्क्रीनशॉटपेक्षा बँकेचं स्टेटमेंट उतरवून ठेवा.