जुलाबात केळं, मऊ भात, दहीभात: पोट बरं करतात की पोटाला फक्त सोसतात?

कृष्णाकाठ
माझा मुलगा चार वर्षांचा, वजन १४ किलो. परवापासून पाण्यासारखे जुलाब, दिवसाला सहा-सात वेळा. ताप नाही, रक्त नाही, खेळतोय. सासूबाई दोन दिवस फक्त मऊ भात, केळं आणि दहीभात देताहेत; तूप, डाळ, दूध सगळं बंद. डॉक्टर म्हणाले, नेहमीचं खायला द्या. घरात यावरून रोज वाद होतो. हे सपक खाणं नेमकं कशासाठी देतात, आणि किती दिवस द्यायचं?

मास्तर, कऱ्हाड
सासूबाईंचं बरोबर आहे. आतड्याला सूज आलेली असते, त्याला विसावा हवा. केळं मळ बांधतं, भात पाणी शोषून घेतो, दही पोटाला थंड पडतं. आमच्याकडे तीन पिढ्या हेच चालत आलंय. डाळ-तूप दिलं की संडास वाढतो हे मी नातवंडांत पाहिलंय. दोन दिवस पोट जवळजवळ रिकामं राहिलं तरी पोराला काही होत नाही.

बालवॉर्डातली ताई
मास्तर, तुमचं शेवटचं वाक्य मला अजिबात मान्य नाही. वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली आहेत. जुलाब थांबल्यावरही अशक्तपणाने परत येणारी बरीच मुलं ही घरी दोन-चार दिवस उपाशी किंवा अर्धपोटी ठेवलेली असतात.

आणि भात स्पंजासारखा आतड्यातलं पाणी शोषत नाही. त्याला जे पाणी घ्यायचं असतं ते शिजतानाच घेऊन झालेलं असतं. घडतं ते वेगळंच. भातातलं पिष्ट लहान आतड्यात हळूहळू फुटतं आणि त्याचं ग्लुकोज होतं. हे ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून आत शिरताना मिठातलं सोडियम बरोबर घेऊन जातं, आणि त्या दोघांच्या मागे पाणी आत ओढलं जातं. जुलाबातही हे दार बहुतेक वेळा उघडंच राहतं. ओआरएसची पुडी याच दारातून काम करते. तेवढीच साखर गोड सरबतातून एकदम गेली, तर ती आतड्यात साठते आणि उलट अंगातलं पाणी आपल्याकडे खेचते. म्हणून पेज सोसते आणि डब्यातला फळांचा रस सोसत नाही.

पण यात मीठ हवं. कृष्णाकाठ, सासूबाई भात सपक देतात की अळणी? सपक चालेल. अळणी नको.

रत्नागिरीकर
ताईंचं मिठाचं म्हणणं अगदी पटलं. आमच्याकडे आजारी माणसाला पेज दिली की तिच्यात मीठ असतंच, आणि वाडग्याच्या कडेला आंबोशी किंवा लिंबाच्या लोणच्याचा खार. आजी म्हणायची, पेज बिनमिठाची दिली तर ती नुसती धुऊन जाते. कारण तिला माहीत नसावं, पण नियम पक्का होता. पेजेत मीठ नेमकं किती घालायचं?

बालवॉर्डातली ताई
लिटरभर पेजेला साधारण ३ ग्रॅम, म्हणजे छोटा चमचा सपाट अर्धा. जास्त घालू नका, पेज अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. लोणच्याचा खार मात्र लहान मुलाला नको, त्यात तिखट असतं आणि मीठ किती गेलं ते कळत नाही. शिवाय पेज ही ओआरएसची जागा पूर्ण घेत नाही, पेजेत पोटॅशियम फारसं नसतं. पुडी एक लिटर पाण्यात एकाच वेळी पूर्ण मिसळायची, आणि चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक पातळ संडासनंतर १०० ते २०० मिली, चमच्याने किंवा घोट घोट.

वाचणारा, नाशिक
अमेरिकेतही हाच प्रकार बरीच वर्षं चालू होता. केळं, भात, सफरचंदाचा गर आणि टोस्ट, चारही इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला ब्रॅट म्हणायचे. आता तिथले बालरोगतज्ज्ञच सांगतात की फक्त तेवढ्यावर ठेवू नका, त्यात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ फारच कमी आहेत. म्हणजे हा सगळा प्रकार मोडीतच निघाला म्हणायचा. मग केळ्या-भाताचा आग्रह कशाला?

बालवॉर्डातली ताई
मोडीत निघालं ते 'फक्त' एवढंच. भात किंवा केळं वाईट ठरलेलं नाही.

कृष्णाकाठच्या मुलाचाच हिशेब करू. मऊ भातात अर्ध्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे एका वाटीतून ७०-८० कॅलरी मिळतात. दिवसात चार वाट्या आणि दोन लहान केळी धरली तर ४५०-५०० च्या आसपास. या वयाच्या मुलाची रोजची गरज याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि आतड्याचं नवं अस्तर तयार व्हायला लागणारी प्रथिनं तर यात नावालाच. एक दिवस हे चालून जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ओढलं की मूल नुसतं पडून राहतं, आणि घरचे म्हणतात, जुलाबाने थकलाय. तो भुकेने थकलेला असतो.

तुपाचं ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुलाबाच्या मार्गदर्शनात तर पेज-भातासारख्या प्रत्येक वाढणीवर एक-दोन छोटे चमचे तेल घाला असं सांगितलंय, कारण थोड्या घासांत जास्त ताकद जावी. तळलेली भजी आणि मऊ भातावरचं चमचाभर तूप यांना एकाच माळेत ओवू नका.

मास्तर, कऱ्हाड
ताई, उपाशी ठेवण्याचं मागे घेतो. पण तुपाने संडास वाढलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, ते कसं नाकारू?

बालवॉर्डातली ताई
नाकारू नका. खायला सुरुवात केली की संडास एखाद वेळा वाढू शकतो. पण मूल लघवी करतंय का, तरतरी येतेय का, वजन राहतंय का, हे त्याहून महत्त्वाचं. संडासची संख्या मोजून जेवण बंद केलं की आपण चुकीच्या आकड्यामागे धावतो.

दहीप्रेमी
माझं थोडं वेगळं आहे. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन सुरू झाल्यापासून रोज सकाळी दोन-तीन वेळा पातळ होतं. आम्ही महिनाभर केळी आणि दहीभात दिला. पातळ होणं थांबलं नाहीच, साखर मात्र वाढली. त्यामुळे माझा तर या दोन्हींवरचा विश्वासच उडालाय.

बालवॉर्डातली ताई
तुमच्या वडिलांचं कारण औषध आहे, जंतू नाहीत. त्याला सपक जेवणाने फरक पडणार नाही. ज्यांनी गोळी दिली त्यांनाच सांगा. जेवणासोबत घेणं, मात्रा सावकाश वाढवणं किंवा हळूहळू विरघळणारी गोळी, असे मार्ग असतात. स्वतःहून बंद करू नका. या धाग्यातला मुलगा निराळा आहे, त्याचं दुखणं चार-सहा दिवसांचं.

वैद्यकन्या
दह्यावर कुणीच बोलत नाही. आमच्या घरात आजारात दही नव्हे, ताक. दही जड, कफ वाढवणारं, रात्री तर वर्ज्यच. ग्रहणीत, म्हणजे पोटाच्या जुनाट विकारात, ताकाचं महत्त्व जुन्या ग्रंथांत ठासून सांगितलंय. लोणी काढलेलं ताजं ताक, किंचित सुंठ आणि सैंधव. सासूबाईंनी दहीभाताऐवजी ताकभात दिला असता तर मी पूर्ण त्यांच्या बाजूने उभी राहिले असते.

बालवॉर्डातली ताई
दही का सोसतं ते आधी सांगते. विषाणूच्या जुलाबात आतड्याच्या आतल्या बारीक लवांची टोकं झडतात, आणि दुधातली साखर पचवणारा पाचकरस नेमका त्या टोकांवरच असतो. दूध दिलं की ती साखर न पचता पुढे जाते. मग संडास फेसाळ, आंबूस वासाचा, आवाज करत होतो आणि ढुंगण लालभडक होतं. दूध प्याल्यावर हे दिसलं तर ओळखायचं. विरजणातल्या जंतूंनी ती साखर थोडी आधीच खाऊन टाकलेली असते, आणि त्यांचा स्वतःचा पाचकरसही आतड्यात काम करतो. त्यामुळे दुधापेक्षा दही बरं सोसतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र कधीही तोडायचं नाही.

ताक पातळ, त्यामुळे वाटीमागे साखर कमी हे खरं, पण पोषणही तितकंच कमी. चार वर्षांच्या मुलाला मी दहीच देईन. डब्यासाठी करतात तसं दूध ओतलेला दहीभात मात्र या दिवसांत नको.

वैद्यकन्या
आमच्या रुग्णांत ताकाने उतार पडलेला मी पाहिलाय, त्यामुळे इथे आपलं एकमत होणार नाही. दूध नको हे मान्य.

वाचणारा, नाशिक
केळ्याचं कोडं सुटलेलं नाही. माझी आई पोट साफ व्हावं म्हणून रात्री दोन केळी खाते. तेच केळं जुलाबात बांधतं कसं?

बालवॉर्डातली ताई
दोघांचं केळं एक नाही. हिरव्या, कच्च्या केळ्यातलं पिष्ट बरंचसं लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जंतू ते आंबवतात, आणि त्यातून तयार होणारी आम्लं मोठ्या आतड्याला मीठ-पाणी परत आत घ्यायला लावतात. ढाक्यात हे तपासून पाहिलंय. चौदा दिवसांहून जास्त जुलाब चाललेल्या तान्ह्या मुलांना तांदळाच्या आहारात उकडलेलं कच्चं केळं दिलं, आणि ती लवकर सावरली. २००१ साली ते प्रसिद्ध झालं. काळे ठिपके पडलेल्या पिकल्या केळ्यात त्या पिष्टाची साखर झालेली असते. त्यातून पोटॅशियम मिळतं, मऊ असतं, मूल आवडीने खातं. पण 'बांधण्याचं' श्रेय मी त्याला देणार नाही.

मास्तर, कऱ्हाड
एक शंका आहे. दुधातली न पचलेली साखरही मोठ्या आतड्यात आंबतच असेल ना? मग तिथे ती वाईट आणि कच्च्या केळ्याचं पिष्ट चांगलं, असं का?

बालवॉर्डातली ताई
मास्तर, प्रश्न फार नेमका आहे. साखरेचे कण लहान, ते संख्येने खूप आणि झटकन पोचतात. जंतूंच्या हाती लागण्याआधीच वाटेत पाणी खेचून घेतात. पिष्टाचा कण प्रचंड मोठा, त्यामुळे तो पाणी फार ओढत नाही आणि सावकाश आंबतो. मात्र प्रमाण वाढलं तर कच्च्या केळ्यानेही पोट फुगतं. किती केळं कुणाला पुरेसं, हे मला छातीठोक सांगता येणार नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना मिठाचं विचारलं, भात खरंच अळणीच होता. आज सकाळी मूगडाळीची मऊ खिचडी, मीठ आणि चमचाभर तूप घालून दिली, त्या बघत बसल्या होत्या. दीड वाटी खाल्ली. दुपारी दहीभात. संडास चार वेळा झाला, पण लघवी नीट होतेय. त्यांचं म्हणणं, संडास तुपानेच चार वेळा झाला.

बालवॉर्डातली ताई
काल सहा-सात होते, ते त्यांना प्रेमाने आठवून द्या. तिखट आणि तळलेलं अजून चार दिवस नको, बाकी नेहमीच्या जेवणावर या. जस्ताच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा. संडासात रक्त दिसलं, सहा तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश सपाट झाली किंवा मूल पाणीही घेईनासं झालं, तर केळं-भात-तूप हा वाद तिथेच सोडून लगेच दवाखाना गाठा.

कृष्णाकाठ
जस्त लिहून दिलंय, रोज २० मिलिग्रॅम. मी ते आज बंद करणार होते.

रत्नागिरीकर
राजेळी केळी उकडून द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. ती पिकलेली असतात, पण उकडून देतात. त्याने फरक पडतो का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.