मदत हवी आहे : उद्याच्या पूजेच्या संकल्पातले 'अमुक' कसे भरायचे?

प्राजक्त (मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५, संध्याकाळी ६.४०)

उद्या पूजेला मी बसणार आहे. पोथी घरात आहे, बाकीची पूजा वाचत वाचत जमेल असं वाटतं. संकल्पाशी येऊन अडले आहे. 'अमुकनाम संवत्सरे, अमुक ऋतौ, अमुक दिवसनक्षत्रे' असं पानभर चाललंय. कॅलेंडरात आजच्या चौकटीत तृतीया आणि हस्त दिलंय. एका व्हिडिओत विक्रम संवत २०८२ म्हणतात, पोथीत शालिवाहन शके आहे. कुणी भरलेला संकल्प लिहून द्याल का? आज रात्रीच हवा आहे.

खडीसाखर

गणपती मध्यान्हीच बसवावा. चतुर्थी उद्या दुपारी पावणेचारच्या सुमारास संपते, त्याच्या आत प्राणप्रतिष्ठा झालेली बरी. भद्रेची काळजी करू नका, गणपतीच्या स्थापनेला ती बघत नाहीत.

प्राजक्त

मुहूर्त माहीत आहे हो. मला संकल्प हवाय.

रानवाट

पूजा गणपतीचीच ना? तुम्ही ते लिहिलंच नाहीये. आणि राहता कुठे? संकल्पात जागाही सांगावी लागते, त्याशिवाय कोण काय भरून देणार?

प्राजक्त

हो, पार्थिव गणपती. उद्या दुसरं काय असणार! नागपूर. दरवर्षी बाबा करतात, पण गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन आठवडेच झालेत, खाली बसता येत नाही. गुरुजींना उद्या वेळ नाही. पोथी आजोबांची, पुण्याहून आलेली. जागेचं पोथीत छापलेलंच आहे : 'दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे'. तिथे काही भरायचं नाहीये.

सांजवात

पोथीत आहे ते बरोबर आहे. सगळ्या महाराष्ट्राला गोदावर्याः दक्षिणे तीरेच म्हणतात. विक्रम संवत उत्तरेकडचा, तो सोडून द्या. मात्र एक सांगते, रागावू नका. पूजेचा संकल्प घरच्या पुरुषाने सोडायचा असतो. भाऊ किंवा मिस्टर असतील तर त्यांना बसवा.

रानवाट

सांजवात, आज हरितालिका होती. घरोघर बायकांनी वाळूची पिंड करून पूजा केली, त्यांचा संकल्प कोणी सोडला? आमच्याकडे आजी स्वतः पळीत पाणी घेऊन म्हणायची, आता आई म्हणते.

सांजवात

हरितालिका हे बायकांचंच व्रत आहे. गणपती घराचा असतो. दोन्हींत फरक आहे.

अण्णा_पंचवटी

हा वाद जरा बाजूला ठेवा, मुलीला सकाळी पूजेला बसायचंय. प्राजक्त, ही पुराणोक्त पूजा आहे, तू बसलीस तर काही बिघडत नाही. आमच्या आळीत मी कितीतरी घरी बायकांना पूजा सांगितली आहे.

आधी जागेचं बघू. ते वाक्य छापलेलं असलं तरी तेही 'अमुक'च आहे. ज्याने पोथी छापली त्याने आपल्या गावचं घातलं. पुणे गोदावरीच्या दक्षिणेला, म्हणून तिथे दक्षिणे तीरे. नागपूर गोदावरीच्या बरंच उत्तरेला, तिथे 'गोदावर्याः उत्तरे तीरे' म्हणायला हवं. सगळ्या महाराष्ट्राला एकच तीर कसं चालेल? आमच्या नाशकातच बघा ना. जुनं गाव उजव्या काठावर आणि पंचवटी डाव्या. पूल ओलांडून पूजा सांगायला गेलो की मी 'दक्षिणे' म्हणतो, आणि घरी परत आलो की 'उत्तरे'. नदी शेजारून वाहायला हवी असं नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली मोठी नदी धरायची आणि आपण तिच्या कुठल्या बाजूला आहोत ते सांगायचं.

आता वेळ. तू कॅलेंडरात आजची चौकट बघते आहेस, पूजा उद्या आहे. तिथी आणि नक्षत्र तू आसनावर बसशील तेव्हाचं. हस्त उद्या पहाटे सहाच्या सुमारास संपतंय, म्हणून चित्रा. चंद्र उद्या संध्याकाळपर्यंत कन्येत आहे. सूर्य सिंहेत, गुरू मिथुनेत. विक्रम संवताचा आकडा चुकलेला नाही, शकात १३५ मिळवले की तो येतो, पण उत्तरेत संवत्सराचं नावही वेगळं धरतात. ते नाव आपल्या शकाला जोडलंस की घोळ होईल. आपला शके १९४७, विश्वावसु.

'अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे'पासून जंबुद्वीपापर्यंतचं सगळं पोथीत आहे तसंच म्हण. तिथून पुढे हे :

'दंडकारण्ये देशे गोदावर्याः उत्तरे तीरे, शालिवाहन शके विश्वावसुनाम संवत्सरे, दक्षिणायने, वर्षाऋतौ, भाद्रपद मासे, शुक्ल पक्षे, चतुर्थ्यां तिथौ, सौम्यवासरे, चित्रा दिवसनक्षत्रे, कन्यास्थिते वर्तमाने चंद्रे, सिंहस्थिते श्रीसूर्ये, मिथुनस्थिते श्रीदेवगुरौ, शेषेषु ग्रहेषु यथायथं राशिस्थानस्थितेषु सत्सु, एवंगुणविशेषणविशिष्टायां शुभपुण्यतिथौ...'

सौम्यवासर म्हणजे बुधवार. बुधवासरे म्हटलंस तरी चालेल.

दूरदेशी

अण्णा, आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. आमचे इथले गुरुजी जंबुद्वीपाच्या जागी क्रौंचद्वीपे म्हणतात. सासरे म्हणतात, आपण कुठेही असलो तरी भरतखंडेच म्हणायचं. कोणाचं खरं?

अण्णा_पंचवटी

गुरुजींचं मला पटतं. जिथे बसलोय तिथलं सांगायचं, संकल्पाचा अर्थच तो आहे. पण द्वीपांची ही जोडणी अलीकडच्या लोकांनी लावलेली आहे, तिच्यावर सगळ्यांचं एकमत नाही. सासऱ्यांशी भांडू नका.

प्राजक्त

अण्णा, खूप आभार. पण आता वेगळंच काहीतरी डोक्यात आलंय. बाबांना विचारलं. ते म्हणाले, पुण्याच्या घरी आजोबा जे म्हणायचे तेच मी म्हणत आलो. म्हणजे नागपूरला येऊन बावीस वर्षं आम्ही गोदावरीच्या दक्षिणेलाच होतो! बाबा हे ऐकून गप्पच झाले. ती पूजा लागू झाली नाही का?

पुढचंही अडलंय. हेतूच्या वाक्यात आईला 'अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं' घालायची आहेत. बाबा लवकर बरे व्हावेत हेही घालायचंय. व्हिडिओत शेवटी 'करिष्यामि' आहे, पोथीत 'करिष्ये'. मी बाई म्हणून वेगळं म्हणायचं का?

सांजवात

गोत्राचं विसरू नका. लग्न झालं असेल तर सासरचं गोत्र, मग माहेरच्या गणपतीला ते कसं चालणार? म्हणून मी म्हणत होते की पुरुषाने बसावं.

रानवाट

पोथीच्या संकल्पात गोत्राची जागा तरी आहे का? आमच्या पोथीत 'मम आत्मनः' एवढंच आहे.

प्राजक्त

नाही, आमच्यातही 'मम आत्मनः'च आहे.

सांजवात

पोथीत नसलं म्हणून काय झालं? आमच्याकडे गुरुजी विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

अण्णा_पंचवटी

प्राजक्त, बाबांना सांग की पूजा बाप्पापर्यंत पोचली. ज्यांनी शिकवलं त्यांच्यासारखं म्हटलं, त्यात खोटेपणा नव्हता. शिवाय पूजेच्या शेवटी 'मंत्रहीनं क्रियाहीनं' म्हणून उणंदुणं आपण देवाच्या पदरात घालतोच. यंदापासून तीर बदला.

गोत्राची जागा तुझ्या पोथीत नाही, तर मुद्दाम काढू नकोस. सांजवात, तुमच्याकडची रीत तुमच्याकडे बरोबर आहे.

करिष्ये आणि करिष्यामि यात बाई-पुरुष असा फरक नाही. ज्या कर्माचं फळ स्वतःला, ते करणारा 'करिष्ये' म्हणतो. दुसऱ्यासाठी करणारा 'करिष्यामि'. तू स्वतःच्या घरची पूजा करतेस, म्हणून करिष्ये. व्हिडिओतले गुरुजी यजमानासाठी बोलत असतील.

आता हेतू. संकल्पात तेवढंच बोलावं जेवढं त्या बैठकीत खरंच करणार आहेस. आकडा उच्चारला की तो बांधून घेतो. एकवीस आवर्तनं उद्याच, त्याच आसनावर होणार असतील तर घाल. आई संध्याकाळी करणार असेल तर तेव्हा तिने वेगळं पाणी सोडावं. नैवेद्य आणि पत्री यांतलं काही कमी पडलं तरी 'यथामिलितोपचारद्रव्यैः' आहे, म्हणजे जे मिळालं त्याने. बाबांचं आरोग्य 'सकलकुटुंबानां'मध्ये आलंच. मनात आणखी असेल ते संकल्पाआधी मराठीत बोल, देवाला मराठी कळतं. म्हण :

'मम आत्मनः श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं, अस्माकं सकलकुटुंबानां सपरिवाराणां क्षेमस्थैर्यायुरारोग्यैश्वर्याभिवृद्ध्यर्थं, प्रतिवार्षिकविहितं श्रीसिद्धिविनायकप्रीत्यर्थं, यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः पार्थिवगणपतिपूजनमहं करिष्ये।'

आचमन, देवांना नमस्कार, मग संकल्प. उजव्या तळव्यावर अक्षता आणि फूल घे, पळीभर पाणी घाल, मूठ सैल ठेव. शेवटच्या 'करिष्ये'ला बोटांवरून पाणी ताम्हनात सोड. लांबलचक वाचताना बोटांच्या फटीतून पाणी गळून जातं, नवख्या माणसाचं तसं हमखास होतं. म्हणून आधी सगळं वाच आणि 'पार्थिवगणपतिपूजनमहं'च्या जरा आधी पाणी घेतलंस तरी चालेल. त्याच्या लगेच खाली 'तत्रादौ' म्हणून महागणपतिस्मरण आणि कलश-शंख-घंटापूजन येईल. तिथेही करिष्ये आहे. तिथे पुन्हा पळीभर पाणी.

रानवाट

संस्कृत जिभेवर बसत नसेल तर पूर्ण मराठीत म्हटलं तरी चालेल का, अण्णा? माझ्या बहिणीला हवंय.

अण्णा_पंचवटी

माझ्या मते चालेल. 'गोदावरीच्या उत्तर तीरावर, शके १९४७ विश्वावसु संवत्सरात, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, बुधवारी, आमच्या सगळ्या कुटुंबाच्या क्षेमासाठी, मिळालेल्या साहित्याने, येते तशी गणपतीची पूजा मी करते' एवढं म्हणून पाणी सोडावं. आमच्या काकांना हे पटत नसे. बहिणीचं गाव कुठलं ते बघून तीर मात्र बदला.

सांजवात

मला मराठीतलं पटलेलं नाही. पण प्राजक्त, 'वर्षाऋतौ'ला श्वास घेऊन मग पुढे जा, लांबलचक आहे ते.

प्राजक्त (बुधवार, २७ ऑगस्ट, रात्री ९.१५)

झाली पूजा. बाबा शेजारी खुर्चीत बसले होते. मी 'गोदावर्याः' म्हटलं आणि त्यांच्या तोंडून 'दक्षिणे' निघालंच, मग स्वतःच थांबून 'उत्तरे' म्हणाले. पहिल्या करिष्येला पाणी आधीच गळून गेलं होतं, दुसऱ्यांदा पळी भरून घेतली. सांजवात, वर्षाऋतौला खरंच थांबावं लागलं, आभार.

आमचा पाच दिवसांचा असतो. उद्याच्या पूजेला पुन्हा संकल्प लागतो का?

अण्णा_पंचवटी

लागतो, पण छोटा. मास, पक्ष तेच. 'पंचम्यां तिथौ, गुरुवासरे'. चंद्र आता तुळेत गेला, म्हणून 'तुलास्थिते'. नक्षत्र मात्र बसायच्या आधी बघ. चित्रा उद्या सकाळी पावणेनऊच्या आसपास संपतं. नऊनंतर बसलीस तर स्वाती.